सगळ्यांचं एकच निळं दार

आमच्या मामंजींच्या फोनमध्ये माणसं नव्हती, दारं होती. मामंजी म्हणजे माझे सासरे. गंगाखेडला गोदावरीच्या अलीकडच्या आळीत आमचं घर, आणि पंचक्रोशीत त्यांची भिक्षुकी. सत्यनारायण, वास्तुशांत, लग्न, मुंज, श्राद्ध. दीडदोनशे घरं तरी असतील. ऐंशीच्या घरात आले तरी सकाळच्या एसटीनं सेलूला जाऊन दुपारच्या एसटीनं मानवतला पोचणारा माणूस.

त्यांना मोबाइलवर मराठी टाइप करायचा भारी कंटाळा. ‘स’ दाबला की फोन पुढचा ‘सत्यनारायण’ आपणहून लिहून द्यायचा. तेवढ्यावर ते खूश. त्यामुळे ज्यांच्याकडे सत्यनारायण केला त्या सगळ्यांचं नाव सत्यनारायण. ज्यांची वास्तुशांत केली ते सगळे वास्तू. दोघंतिघं नुसतेच मुंज.

“मग यातला कोण कुठला, कसं कळतं?” मी एकदा विचारलं होतं.

“दारावरून,” ते म्हणाले.

नंबरासोबत फोटो कसा लावायचा हे मीच त्यांना शिकवलं होतं, आणि ते त्यांना इतकं आवडलं की पूजा झाली, दक्षिणा उपरण्यात बांधली, की ते अंगणात उभे राहून यजमानाच्या दाराचा फोटो काढायचे. घरोघरची पोरं हसायची. माणसाचा फोटो का नाही, तर म्हणे, “माणसाचा फोटो काढतो म्हटलं की तो टोपी शोधायला आत जातो. दार कुठं जात न्हाई.” फोन वाजला की पडद्यावर मोठं दार यायचं. हिरवं दार, कोयरीचं तोरण असलेलं दार, खाली मांजर बसलेलं दार. ते दार बघायचे आणि कानाला लावायच्या आधीच बोलायला लागायचे. “काय रे, म्हैस व्याली का?” समोरचा चाट पडायचा. गुरुजींना आपली म्हैससुद्धा ठाऊक! यजमानांना याचंच तर कौतुक होतं. संस्कृत इतरांनाही येतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्या ह्यांना साक्षात्कार झाला की वडिलांचा फोन जुना झाला. हे म्हणजे माझा नवरा, परभणीला नोकरी, शनिवारी-रविवारी गंगाखेडला. मी इथल्याच कॉलेजच्या ऑफिसात. दिवाळीच्या पाडव्याला ह्यांनी नवा फोन आणला, जुन्यातलं सिम काढून नव्यात घातलं, वडिलांच्या हातात दिला, नमस्कार केला आणि परभणीला निघून गेले.

दुसऱ्या दिवशीपासून फोन वाजला की नुसता नंबर. नाव नाही, दार नाही. दहा आकडे ओळीनं उभे. मामंजी फोनकडे बघायचे आणि खाली ठेवायचे.

“उचला की,” आत्याबाई म्हणायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

“बँकेचा मेसेज आलाय. अनोळखी नंबर उचलायचा न्हाई. चोर असतात.”

असे दोन दिवस त्यांनी सगळ्या यजमानांना चोर ठरवलं. शेवटी एकजण सायकल मारत घरी आला, “गुरुजी बरे हायत ना?” म्हणून चौकशीला. मी ह्यांना फोन लावला आणि जे बोलायचं ते बोलले. माझा स्वभाव तापट आहे. हे मी लपवत नाही आणि लपवलं तरी आमच्या आळीत ते चालणार नाही.

गोष्ट साधी होती. नावं सिममध्ये नव्हतीच. ती जुन्या फोनच्या पोटात साठवलेली होती. सिम नव्या फोनमध्ये गेलं, नावं जुन्यातच राहिली. पुढच्या शनिवारी ह्यांनी जुन्या फोनमधली सगळी नावं एका फाइलमध्ये काढली, ब्लूटूथनं ती फाइल नव्या फोनला पाठवली, आणि वडिलांच्या नावानं ई-मेलचं खातं उघडून नावं त्या खात्यात घ्यायला सांगितलं. खात्यात असली की फोन हरवला तरी नावं हरवत नाहीत, असं आम्हाला समजावून सांगितलं. इथवर शहाणपणाचं. पण आमच्याकडं नेटला कधी रेंज असते, कधी नसते. नावं दिसेनात. ह्यांना धीर कुठला? त्यांनी तीच फाइल पुन्हा एकदा घ्यायला लावली आणि जेवायला बसले.

वरणभात संपेपर्यंत रेंज आली, सिंक पूर्ण झालं, आणि प्रत्येक नाव दोनदा आलं. सत्यनारायण, सत्यनारायण, सत्यनारायण, सत्यनारायण. फोटोही सोबत आले होते, म्हणजे प्रत्येक दारही दोनदा. मामंजींनी बोटानं यादी खाली खाली सरकवली आणि म्हणाले, “एवढे यजमान असते तर आपण माडी बांधली असती.”

नावं दोनदा असली तरी काम अडत नव्हतं. फोन आला की बरोबर दार दिसायचं. म्हणून ह्यांनी “बघू नंतर” म्हटलं, आणि आमच्या घरात बघू नंतर म्हटलेली गोष्ट कशी बघितली जाते ते मला ठाऊक आहे. मीही ऑफिसच्या परीक्षांच्या कामात गुंतले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मामंजी बदलले.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. सकाळी संध्या, पूजा, मग ओट्यावर बसून पेपर. फक्त फोन वाजला की ते तो आत्याबाईंकडे सरकवायचे. आत्याबाई म्हणायच्या, “ते अंघोळीला गेलेत.” दिवसातून पाच वेळा अंघोळ करणारा माणूस कुठं असतो का? मग एक दिवस मी ऐकलं, ते कोणाला तरी सांगत होते, “सेलूचे ते दुसरे गुरुजी आहेत ना, त्यांना विचारा. मी आता कमी केलंय.”

मी स्वयंपाकघरात आत्याबाईंना गाठलं. “कमी केलंय म्हणजे? कधीपासून?”

त्यांनी हातातली गवारीची शेंग मोडली. मग हळूच म्हणाल्या, “त्यांना वाटायलंय की त्यांचं थोरल्यांसारखं व्हायलंय.”

मी तिथंच पाटावर बसले.

थोरले म्हणजे मामंजींचे मोठे भाऊ. तेही भिक्षुकच. शेवटच्या वर्षांत त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली. बायकोला बहीण म्हणत, मुलाला पोस्टमन समजत. एकदा लग्नात मंगलाष्टकं म्हणता म्हणता थांबले आणि नवऱ्यामुलाला विचारलं, “तुमचं काय काम होतं?” लोक हसले. मामंजी शेजारी अंतरपाट धरून उभे होते, ते हसले नाहीत. पुढची मंगलाष्टकं त्यांनी पूर्ण केली आणि भावाचा हात धरून त्याला मांडवाबाहेर नेलं. आमच्या घरात त्या दिवसाचा विषय कोणी काढत नाही.

“पण झालं काय?” मी विचारलं.

झालं असं होतं. पलीकडच्या काठावर एक शेतकरी कुटुंब आहे, चार एकर ऊस आणि दोन म्हशी. तिथला मुलगा, मुलगा म्हणजे पन्नाशीचा गडी, त्याचा फोन आला. मामंजींनी पडद्यावर दार बघितलं आणि नेहमीसारखं कानाला लावायच्या आधीच सुरू केलं, “काय रे, वडील काय म्हणतात? बसतात का अजून खाटेवर चिलीम घेऊन?”



समोरून तो म्हणाला, “गुरुजी, वडील गेले न्हवं. तुमीच तर उदकशांत केली घरी येऊन.” आणि त्यानं फोन ठेवला.

मामंजींना सगळं आठवलं. पण आधी बोलून गेले, मग आठवलं. त्या दोन क्षणांत त्यांना थोरले दिसले असणार. त्यानंतर असं आणखी दोनतीनदा झालं. एकीला लेकीच्या बाळंतपणाचं विचारलं, तर तिला लेकच नव्हती. तेव्हापासून त्यांनी फोन उचलणं सोडलं. त्या शेतकऱ्याच्या वडिलांचं वर्षश्राद्ध पंधरा-वीस दिवसांवर आलं होतं आणि त्याचा फोन पुन्हा आला नव्हता. मामंजी रोज पंचांग उघडायचे, ती तिथी बघायचे, पंचांग मिटायचे.

मला रडूच आलं. आणि मला रडू आलं की पाठोपाठ राग येतो. मी ह्यांना फोन लावून म्हटलं, “तुमच्या वडिलांना डॉक्टरला दाखवायचं बघा.” हे घाबरले. म्हणाले, “शनिवारी येतो.” सगळ्या आजारांवर आमच्याकडं शनिवार हेच औषध.

खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. पण एक गोष्ट जुळत नव्हती. हाच माणूस पंचांग न उघडता पुढची चतुर्थी सांगत होता. माझ्या माहेरच्या चुलत मामाचं गोत्र सांगत होता, जे खुद्द मामाला ठाऊक नाही. आणि मला एक जुनी आठवण होती.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न अजून सुटायचा होता. मोर्चे निघत, बंद होत, एसटी कधी निघेल याचा नेम नसे. कोणाकडं जायचं-यायचं ते फोनवरच ठरे, आणि फोन आळीत एकच, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. दुकानदार हाक मारायचा, मामंजी धोतर सावरत जायचे. त्या काळ्या फोनमध्ये इतकी खरखर असायची की पलीकडं माणूस आहे की ताडपत्री फडफडतेय ते कळायचं नाही. नंबर नाही, नाव नाही, काही नाही. पण मामंजी रिसीव्हर कानाला लावून डोळे मिटायचे, आणि पलीकडच्यानं नुसतं “हॅलो” म्हटलं की नावानं हाक मारायचे. मी नवी नवरी, साखर आणायला म्हणून जायचे आणि ते बघायला थांबायचे. एकदाही चुकलेले मी बघितले नव्हते.

असा माणूस दार बघून चुकतो?

मग रविवार आला. हे शनिवारी काही आले नाहीत, मीटिंग होती. मामंजी देवपूजेला बसले होते आणि फोन ओट्यावर वाजला. मी उचलला. पडद्यावर निळं दार, वर लिंबूमिरची टांगलेली. बाई बोलत होती, मानवतहून, नातवाच्या बारशाचं विचारत होती. मी सांगितलं, नंतर करते फोन. ठेवला न ठेवला तोच पुन्हा वाजला. पुन्हा निळं दार, तीच लिंबूमिरची. मला वाटलं बाईच. म्हटलं, “हं, बोला काकू.” तर पलीकडून बुलंद पुरुषी आवाज आला, “काकू कोण? मी सेलूहून बोलायलोय. गुरुजी हायत का?”

मानवतची बाई आणि सेलूचा बुवा एकाच दारातून कसे निघाले?

मी चष्मा लावला आणि नावांची यादी उघडली. जिथं सत्यनारायणांची रांग असायची तिथं एकच सत्यनारायण होता. उघडला तर आत नंबरच नंबर, एकाखाली एक, माळेचा दोरा तुटल्यासारखे घरंगळत खाली चाललेले. चाळीसेक असतील. वर एकच फोटो, निळं दार. वास्तूंचंही तेच. एकच वास्तू, पोटात वीस नंबर.

“मामंजी!” मी ओरडले. देवघरात घंटा थांबली. “तुम्ही या फोनला काय केलंत?”

ते सोवळ्यातच दारात आले. “काय करायलोय मी? मी तर हातही लावला न्हाई.”

“यादी अशी एक कशी झाली?”

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला आणि चेहरा असा केला की जणू मी तोंडी परीक्षा घेतेय. “हां. त्यानं विचारलं होतं.”

“कोणी?”

“फोननं. म्हणाला, ही नावं एकसारखी आहेत, एकत्र करू का? मला वाटलं, दोनदा-दोनदा आलेत ते निस्तरायलाय बिचारा. मी म्हटलं, कर.”

झालं होतं ते इतकंच. फोनच्या हिशेबी नाव एक म्हणजे माणूस एक. ह्यांनी फाइल दोनदा घेतल्यामुळं दोनदा आलेली नावं त्यानं एक केलीच, पण सत्यनारायण नावाचे जितके होते त्या सगळ्यांचाही एक सत्यनारायण केला. नंबर सगळे ठेवले, फोटो मात्र एकच ठेवला. आता कोणाही सत्यनारायणाचा फोन आला की निळं दारच दिसणार. आणि त्या निळ्या दाराच्या घरी एक म्हातारबुवा खरोखर अजून खाटेवर बसून चिलीम ओढतात!

मला हसूच फुटलं. आत्याबाई पळत आल्या. मी त्यांना सांगायला लागले आणि सांगता येईना, इतकी हसत होते. मामंजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “ते असू दे. पण मी बोललो ते बोललो ना? वडील गेलेल्या माणसाला वडिलांचं विचारलं. दार कुठलंही असू दे, डोकं माझंच होतं.”

त्यांच्या डोक्यात एखादी गोष्ट बसली की निघत नाही. हा गुण माझ्या नवऱ्यात कुठून आला ते कळायला वेळ लागत नाही.

मी फोन घेऊन स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदारानं दोन मिनिटं बोट फिरवलं आणि म्हणाला, “रीसेट मारून टाकू, सगळं साफ होतंय.” मी फोन त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. “सगळं साफच करायचं असतं तर पाटा-वरवंटा आहे की घरात!” म्हटलं. तो बिचारा हसला. वाईट माणूस नव्हता. पण रोगापेक्षा इलाज भयंकर.

घरी आले, माठातलं पाणी प्याले आणि शांत डोकं करून बसले. ऑफिसात आमच्याकडं विद्यार्थ्यांच्या नंबरांचा एकदा असाच घोळ झाला होता आणि तेव्हा बघितलेलं मला अंधुक आठवत होतं. नावं खात्यात आहेत म्हणजे खातं मागचंही जपून ठेवत असणार. मी नावांच्या ॲपमध्ये सेटिंग उघडून एकेक ओळ वाचत गेले. आणि सापडलं: बदल पूर्ववत करा. आत विचारत होतं, कधीपर्यंत मागं जायचं? दहा मिनिटं, एक तास, काल, आठवडा, किंवा तुम्हीच सांगा. तीस दिवसांपर्यंतच मागं जाता येईल. निवडलेल्या वेळेनंतर जोडलेली नावं निघून जातील.

आता प्रश्न, एकत्र केलं कधी? जास्त मागं गेलं तर ह्यांनी नावं घ्यायच्याही आधीची रिकामी यादी यायची. कमी गेलं तर हेच निळं दार.

“मामंजी, फोननं विचारलं तो दिवस कोणता?”

त्यांना आठवत नव्हतं, आणि आठवत नाही म्हटलं की चेहरा उतरत होता.

आत्याबाई म्हणाल्या, “एकादशी होती. मी भगर करायले होते आणि हे रिकामे बसले होते. रिकामपणीच असले उद्योग सुचतात.”

मामंजी लगेच म्हणाले, “कार्तिक वद्य एकादशी.” आणि मी कॅलेंडरकडं वळायच्या आत तारीखही सांगितली. तीस दिवसांच्या आतली होती, काठावरच. मी दशमीची संध्याकाळ निवडली. एकादशीनंतर जोडलेली नावं दोनच होती, गॅसवाला आणि नळवाला. ती कागदावर लिहून घेतली. आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

फोननं सांगितलं, वेळ लागेल. आम्ही तिघं ओट्यावर फोन मध्ये ठेवून बसलो. रेंज गेली, रेंज आली. आत्याबाईंनी चहा केला. चहा पिऊन कप खाली ठेवतो तर मामंजी पुटपुटले, “तोरण आलं.”

कोयरीचं तोरण आलं होतं. मग मांजर आलं. मग हिरवं दार, मग पत्र्याचं दार, कडीला दोरी बांधलेलं दार. प्रत्येक दोनदा, कारण आम्ही दशमीला गेलो होतो आणि दशमीला ती दोनदाच होती. पण आता मला त्याचा राग येईना. मी म्हटलं, “बसा माझ्यासमोर. मी एक एक दार दाखवते, तुम्ही कोण ते सांगा. जास्तीचं मी काढून टाकते, आणि राहिलेल्याला नाव लिहिते, गावासकट.”

दिवस मावळेपर्यंत तेच चाललं. कुठलं दार, कुठलं गाव, गोत्र काय, थोरली लेक कुठं दिली, पूजेला शिरा कसा होता. एका घराचा शिरा करपला होता म्हणून ते अजून रागावलेले होते. बाभळीच्या फळ्यांचं एक दार आलं तेव्हा त्यांनी फोटो नीट बघितलाही नाही. “याची कडी उलट्या बाजूला आहे. सुतार डावरा होता.” आणि मग त्यांनी नजर दुसरीकडं वळवली. ते त्या शेतकऱ्याचं दार होतं.

मी म्हटलं, “बघा! एकही चुकला नाहीत. डोकं शाबूत आहे तुमचं. लावू का त्याला फोन?”

“नको,” ते म्हणाले. “फोटो बघून कोणीही सांगेल. थोरलेसुद्धा भिंतीवरचे फोटो ओळखायचे.”

मी तो नंबर नाव घालून ठेवला आणि फोन त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी तो पंचांगावर पालथा ठेवला.

दोन दिवस गेले. फोन आले, बरोबर दारं दिसली. आत्याबाई बळजबरीनं त्यांच्या कानाला लावायच्या, आणि ते बोलायचे, पण बेतानं, चाचपडत. म्हशीचं विचारायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं. ते ऐकून माझा जीव तुटायचा. इतकी वर्षं या माणसानं कुठल्याही घरी आधी म्हशीची, लेकीची, खाटेवरच्या म्हाताऱ्याची चौकशी केली आणि मग पळीपंचपात्र मांडलं. आता तो विचारत होता, “हॅलो, आपण कोण?”

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई भाकरी थापत होत्या. मी डबा भरत होते. मामंजी बाहेर ओट्यावर, पेपर तोंडासमोर. फोन आत होता आणि वाजला. मी बघितलं. नुसता नंबर. दार नाही, नाव नाही.

पुन्हा सगळं गेलं की काय?

फोन वाजून थांबला आणि पुन्हा वाजला. मामंजी बाहेरून म्हणाले, “दार कुठलंय?”

“दार नाही,” मी म्हटलं. “नुसता नंबर आहे.”

“मग उचलू नका. बँकेचा मेसेज आहे.”

आत्याबाईंना फोनच्या आवाजाचा तिटकारा. त्यांनी पिठाच्या बोटानं कुठंतरी दाबलं आणि फोन सुरू झाला. दुसरं बोट लागलं आणि स्पीकर चालू झाला. पलीकडून कोणी बोललं नाही. फक्त एक खोकला आला. दोनदा आखूड, मग थांबून एकदा लांब.

बाहेर पेपर खाली आला. मी दारातून बघितलं, मामंजींनी डोळे मिटले होते, किराणा दुकानातल्यासारखे.

“अरे,” ते ओट्यावरूनच मोठ्यानं म्हणाले, “बाहेर का उभा आहेस? बोल. वर्षश्राद्ध आलं ना वडिलांचं?”

मग तो आवाज आला, दबका, “गुरुजी? हा तर बायकोचा फोन हाय. माझ्यावरून लावायला मन होईना. म्हटलं तुमी पुना वडिलांचं इचारलं तर... तुमी कसं ओळखलं?”

मामंजी उठून आत आले. फोनजवळ वाकले. “तुझे वडीलही बोलायच्या आधी असेच खोकायचे रे. दोनदा आखूड, एकदा लांब. तू हुबेहूब तसा खोकतोस. त्या दिवशी मी तुझं ऐकलंच नाही. आधी पडद्यावरचं दार बघितलं आणि बोलायला लागलो. चुकलं माझं.”

पलीकडं तो पन्नाशीचा गडी रडायला लागला. “मला कोणी सांगितलंच न्हवतं,” तो म्हणत होता, “मी त्यांच्यासारखा खोकतो ते.”

आत्याबाईंनी पिठाचा हात पदराला पुसला आणि डोळ्यांना लावला. तव्यावरची भाकरी करपली. मामंजी तिथी सांगत होते, दर्भ आणि तीळ किती आणायचे ते सांगत होते, मी स्वतः येतो, सकाळच्या एसटीनं, म्हणत होते. सगळं सांगून झालं, फोन ठेवायची वेळ झाली, आणि मग त्यांना आठवलं.

“आणि ऐक,” ते म्हणाले, “म्हैस व्याली का?”